दुसरी रक्कम

गुरुवारी दुपारी फोन किणकिणला. आयोजकांची मेल होती. ‘आपल्या विनंतीनुसार आपले तिकीट रद्द करण्यात आले असून रक्कम परत पाठवण्यात येत आहे. आमच्या पुढील कार्यक्रमांना अवश्य या.’ कार्यक्रम रविवारी होता. तिकीट ड-१४, मधल्या वाटेच्या कडेचं, मी नकाशावर बोट फिरवून फिरवून निवडलेलं. विनंती मी केली होती हे खरं, पैसे परत मागितले होते हेही खरं. पण तिकीट रद्द करा असं मी कुठे म्हटलं होतं? रागाच्या भरात माझंच पत्र उघडलं, ‘हे बघा, काय लिहिलंय आणि तुम्ही काय केलंत’ असं त्यांना दाखवून देण्यासाठी. तिसऱ्या ओळीवर थांबले. तिथे मी स्वतःच्या हाताने, अगदी नम्रपणे लिहिलं होतं, ‘तरी कृपया दुसरी रक्कम परत करावी.’

त्या ‘दुसरी’ने घात केला होता.

हे समजायला त्याच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारच्या रात्रीपर्यंत मागे जावं लागेल. आवडत्या माणसाच्या गाण्याची तिकिटं काढताना माणूस जसा बसतो तशी मी बसले होते, खुर्चीच्या कडेवर, कार्ड समोर ठेवून, श्वास अर्धा धरून. पडद्यावर बैठकीचा नकाशा, भरलेल्या जागा करड्या, मोकळ्या हिरव्या, आणि बघता बघता हिरव्याच्या करड्या होत जाणाऱ्या. ड-१४ वर बोट ठेवलं, ती पिवळी झाली आणि वर कोपऱ्यात घड्याळ उलटं धावायला लागलं. दहा मिनिटं ही जागा तुमची, तेवढ्यात पैसे भरा. कार्डाचा नंबर टाकला, फोनवर आलेला ओटीपी टाकला, बटण दाबलं. गोल चक्र फिरायला लागलं. ‘कृपया पान बंद करू नका, मागे जाऊ नका’ असं खाली बारीक अक्षरात. मी मागे गेले नाही. पान पुन्हा उघडलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले होते, शाळेत बाई वर्गाबाहेर गेल्यावर बसतात तशी. चक्र फिरून फिरून थांबलं आणि त्या जागी पांढरं पान आलं. त्यावर एक अक्षर नाही.

त्या पांढऱ्या पानाकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग सुरुवातीच्या पानावर गेले तर ड-१४ अजून पिवळीच होती, घड्याळात साडेचार मिनिटं उरली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘रक्कम बाकी’. बाकी म्हणजे बाकी. पुन्हा कार्ड, पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा बटण. या वेळी हिरवी बरोबरची खूण आली, मेलवर तिकीट आलं, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचं चित्र आलं. मी खूश. झोपायच्या आधी सवयीने खात्यात डोकावले तर तिथे एकाखाली एक दोन ओळी. तीच रक्कम, तेच नाव. एक ९:१२ ची, एक ९:१७ ची.

रक्कम किती ते इथे लिहीत नाही. फार मोठी नव्हती, पण सोडून द्यावी इतकी लहानही नव्हती. अशा मधल्या रकमा सगळ्यात जास्त छळतात. मोठी असती तर घरात चर्चा झाली असती, कुणीतरी सोबत आलं असतं. इतक्याशा पैशांसाठी ‘जाऊ दे गं’ म्हणणारेच भेटतात, आणि जाऊ दिलं तर महिनाभर स्वतःलाच टोचत राहतं.

पहिलं पत्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी लिहिलं. ते पत्र अजून माझ्याकडे आहे आणि वाचवत नाही. त्यात पांढऱ्या पानाचं वर्णन आहे, माझा रक्तदाब आहे, ‘आपल्यासारख्या नामवंत संस्थेकडून’ आहे, तीन उद्गारचिन्हं एका ओळीत आहेत. आणि विषय आहे ‘तिकिटाच्या पैशांचा परतावा मिळणेबाबत’. एका मिनिटाच्या आत उत्तर आलं. इतक्या लवकर माणूस उत्तर देत नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. ‘एकदा काढलेल्या तिकिटाचे पैसे नियमानुसार परत केले जात नाहीत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

मी चिडले ते साहजिक होतं, पण नंतर विचार करताना वाटलं, त्यांच्या जागी बसून बघावं. त्यांच्याकडे रोज ‘परतावा’ मागणारी किती पत्रं येत असतील. कुणाला ताप आलाय, कुणाची गाडी चुकलीय, कुणाचं मन बदललंय. ‘तिकीट’ आणि ‘परतावा’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की ते पत्र त्या गठ्ठ्यात पडणार आणि त्या गठ्ठ्याचं उत्तर आधीच तयार असणार. मला तर तिकीट परत करायचंच नव्हतं. मला गाणं ऐकायचं होतं. ज्या पैशांच्या बदल्यात मला काहीच मिळालं नव्हतं तेवढेच हवे होते. ‘तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत’ हा नियम त्या पैशांना लागू होत नव्हता, कारण त्या पैशांचं तिकीटच निघालं नव्हतं. पण हे मी लिहिलं होतं कुठे? मी लिहिला होता माझा रक्तदाब.

माझे वडील नोकरीभर आवक-जावकच्या टेबलावर बसले. टेबलावर दोन जाड नोंदवह्या, एक शाईचा डाग पडलेला लाकडी ठोकळा आणि शिक्के. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पत्रांच्या पाठीवर शिक्के मारायची. येणाऱ्या प्रत्येक पत्राचा विषय ते वहीत एका ओळीत उतरवायचे. त्या वहीत विषयासाठी रकानाच तेवढा होता, बोटभर. चार पानी पत्र असो की चार ओळींचं, रकाना तेवढाच. कधी कधी ते पत्र तिसऱ्यांदा वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, ‘याला काय पाहिजे तेच कळत नाही.’ मग पेन्सिलीने बारीक ‘किरकोळ’ लिहीत. किरकोळच्या ढिगातली पत्रं कुठे जायची ते मला माहीत होतं. खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत. तिच्यावर मी बसत असे.

माझं पहिलं पत्र त्यांच्या हाती पडतं तर त्या पेटीत गेलं असतं.

दरम्यान बँकेत फोन केला. तिथल्या माणसाने आधी विचारलं, दोन्ही ओळी पक्क्या झाल्यात का? मला हा प्रश्न कळेना. पैसे गेले ते गेले. तर तसं नसतं. कार्डाने पैसे भरताना आधी बँक फक्त ‘हो, एवढे आहेत’ अशी मंजुरी देते आणि तेवढी रक्कम अडकवून ठेवते. खात्यात ती कमी झालेली दिसते, पण ती अजून गेलेली नसते. दुकानदाराने, म्हणजे इथे तिकीटवाल्याने, ती मागून घेतली की मग ती खरी वळती होते. त्याने मागितलीच नाही तर काही दिवसांनी अडकलेली रक्कम आपोआप सुटते आणि ती ओळ गायब होते. म्हणजे दोनदा कापल्यासारखे दिसणारे पैसे बऱ्याचदा दोनदा कापलेलेच नसतात. ‘तीन-चार दिवस थांबा,’ तो म्हणाला. ‘एक ओळ गेली तर पत्र लिहायची गरजच नाही. दोन्ही पक्क्या झाल्या तर मग लिहा.’ माझं पत्र आधीच गेलं होतं हे मी त्याला सांगितलं नाही.

शुक्रवारी दोन्ही ओळी पक्क्या झाल्या. ‘प्रलंबित’ हा शब्द निघून गेला आणि दोन्हींपुढे तारीख आली. मी पुन्हा फोन केला. योगायोगाने तोच माणूस. या वेळी त्याने दोन्ही व्यवहारांचे मंजुरी क्रमांक वाचून दाखवले. सहा-सहा चिन्हांचे असतात, अंक आणि अक्षरं मिसळलेले. दोन्ही वेगळे निघाले. ‘वेगळे आहेत म्हणजे दोन स्वतंत्र मंजुऱ्या झाल्या,’ तो म्हणाला. ‘एकच मंजुरी त्यांनी दोनदा वसूल केली असती तर क्रमांक सारखा असता आणि चूक त्यांच्या बाजूची सरळ दिसली असती. इथे तुम्ही दोनदा ओटीपी टाकलाय. आमच्या नोंदीत दोन्ही व्यवहार बरोबर आहेत.’

फोन ठेवल्यावर मला थोडी लाज वाटली. म्हणजे माझंच चुकलं? मी दोनदा दाबलं? पडद्यावर ‘रक्कम बाकी’ लिहिलेलं असताना माणसाने काय करायचं? घड्याळ उलटं धावत असताना? ही लाज विचित्र असते. पैसे आपले गेलेले असतात आणि अपराधीही आपल्यालाच वाटत असतं. मी त्या रात्रीचे सगळे क्षण पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, कुठे बोट जास्त वेळ टेकलं का, कुठे घाई केली का. आणि मग त्याच लाजेच्या पोटी पुढचं पत्र जरा जास्तच नम्र झालं. जास्त नम्र झालं की माणूस अस्पष्ट लिहितो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ते पत्र तसं बरंच सुधारलेलं होतं, हे मी स्वतःच्या बाजूने सांगते. उद्गारचिन्ह एकही नाही. दोन्ही व्यवहारांच्या तारखा, वेळा, मंजुरी क्रमांक. तिकिटाचा नोंदणी क्रमांक. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे. बाकीचे आकडे, मागच्या बाजूचे तीन, ओटीपी, यातलं काही पत्रात लिहायचं नसतं आणि कुणी मागितलं तर तिथेच थांबायचं असतं. खात्याच्या उताऱ्याचा फोटो जोडला, पण बाकीच्या ओळींवर काळी पट्टी मारून. माझ्या औषधांचा आणि भाजीचा हिशेब आयोजकांना कशाला? खात्यात जे नाव दिसत होतं तेही जसंच्या तसं लिहिलं. ते आयोजकांचं नव्हतंच. तिकिटं विकणाऱ्या कंपनीचं, तेही अर्धवट तोडलेलं, शेवटची अक्षरं जागा न पुरल्याने गळालेली. आयोजक, तिकीट विकणारा आणि पैसे गोळा करणारा हे तीन वेगवेगळे असू शकतात, आणि पैसे यातल्या कुणाकडे आहेत हे त्या तुटक्या नावावरूनच कळतं. म्हणून पत्र आयोजकांना आणि प्रत तिकीटवाल्यांना.

आणि एवढं सगळं नीट करून शेवटी लिहिलं, ‘तरी कृपया दुसरी रक्कम परत करावी.’

मराठीत ‘दुसरी’ म्हणजे काय? एक तर क्रमाने दोन नंबरची. किंवा ‘ही नाही, ती’, उरलेली, जास्तीची. आई म्हणायची ‘दुसरी चप्पल घाल’ तेव्हा ती क्रमांकाचं बोलत नव्हती. माझ्या मनात दुसरा अर्थ होता. (बघा, पुन्हा दुसरा.) मला म्हणायचं होतं, ती जास्तीची, जिच्यावर तिकीट मिळालं नाही ती रक्कम. वाचणाऱ्याने पहिला अर्थ घेतला. त्याच्यासमोर दोन वेळा होत्या, ९:१२ आणि ९:१७. दुसरी कुठली? साहजिकच ९:१७ ची. त्याने ती परत केली. आणि तिकीट लागलेलं होतं ते नेमकं ९:१७ च्या रकमेला. रक्कम परत गेली तशी तिला बांधलेली ड-१४ सुटली. जागा नकाशावर पुन्हा हिरवी झाली असणार. कुणाच्या तरी बोटाखाली ती पिवळी होत असेल या कल्पनेने माझ्या पोटात गोळा आला.

मी फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची, मागे कुठेतरी कुणीतरी माईक तपासत होतं, ‘एक, दोन, एक, दोन.’ मी भराभरा सांगायला लागले तर ती म्हणाली, ‘मॅडम, एक मिनिट, मी आधी जागा धरून ठेवते, मग बोलू.’ हे वाक्य मी कधी विसरणार नाही. टकटक टकटक आवाज आला. ‘झालं. आहे अजून. माझ्या नावाने अडवली.’ मग मी श्वास घेतला आणि सांगितलं.

ती म्हणाली, ‘पण आमच्याकडे तुमची एकच नोंद आहे. एकच पेमेंट दिसतंय.’ हेच ऐकायची मला भीती होती. बँक म्हणते दोन, या म्हणतात एक, म्हणजे खोटं कोण बोलतंय? पण ती चिडली नाही, तिने शांतपणे समजावलं, आणि ते समजावणं इतकं स्वच्छ होतं की मी कागदावर लिहून घेतलं. तिच्या पडद्यावर दिसते ती तिकिटांची यादी. तिथे फक्त तीच पेमेंटं दिसतात जी एखाद्या तिकिटाला जोडली गेली. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचा पडदा वेगळा. तिथे आलेला प्रत्येक पैसा दिसतो, तिकीट असो वा नसो. मंगळवारी रात्री माझे पहिले पैसे त्या कंपनीकडे पोचले होते. पण ‘पोचले’ हा निरोप तिकिटांच्या यादीपर्यंत आला नाही. एक निरोप माझ्याच फोनमधून, पान पुढे सरकताना जातो. तो त्या पांढऱ्या पानात अडकला. त्यासाठीच दुसरा एक निरोप असतो, एका संगणकाकडून थेट दुसऱ्याकडे, माझ्या फोनला मध्ये न घेता. तो बहुधा उशिरा आला. तोवर मी पुन्हा पैसे भरले होते आणि ड-१४ चे पैसे मिळाले असं यादीने नोंदवून टाकलं होतं. मग उशिरा आलेल्या निरोपाला यादीने सांगितलं, याचे पैसे आधीच आलेत. आणि तो विषय तिथेच संपला.

‘मग ते पैसे?’

‘पडून आहेत. कुणाच्याच नावावर नाहीत. महिन्याच्या ताळमेळात सापडले असते कदाचित.’

त्या ‘कदाचित’वर आम्ही दोघी थोडं हसलो. मला ते पैसे डोळ्यांसमोर दिसले, स्टेशनवर चुकून मागे राहिलेल्या बोचक्यासारखे, कुणीच उचलत नाही असे. एरवी चांगल्या व्यवस्थेत अशी जास्तीची रक्कम ओळखून ती आपोआप परत पाठवली जाते, असंही ती म्हणाली. त्यांच्याकडे तशी सोय नव्हती. हे तिने सांगितलं याचं मला कौतुक वाटलं. तिला न सांगताही भागलं असतं.

म्हणजे तिघंही खरं बोलत होते. बँकेच्या वहीत दोन मंजुऱ्या होत्या. आयोजकांच्या वहीत एक तिकीट होतं. आणि मी फक्त एकदा खुर्ची मागितली होती. वडिलांच्या टेबलावरच्या त्या दोन वह्या मला आठवल्या. आवक वेगळी, जावक वेगळी. एखादं पत्र आलेलं आहे पण उत्तर गेलेलं नाही, हे शोधायचं तर दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडाव्या लागायच्या. वडील दर शनिवारी दुपारी ते करायचे, एका वहीवर डावा हात, दुसरीवर उजवा, ओठ हलत. मला ते फार कंटाळवाणं वाटायचं.

‘आता काय करायचं?’ मी विचारलं. दुसरी रक्कम तर निघून गेली होती. ती म्हणाली, निघाली ती जाऊ द्या, ती तुम्हाला मिळेल. ते थांबवायला गेलो तर आणखी गुंता होईल. पहिली रक्कम आमच्याकडे पडलीच आहे, तीच ड-१४ ला जोडते आणि नवीन तिकीट पाठवते. फक्त मला लेखी द्या, कारण पैशांच्या पडद्यावर मला जाता येत नाही, हिशेबवाल्यांना सांगावं लागतं. आणि लेखीत, ती अडखळली, जरा नीट... ‘वेळ लिहा,’ ती म्हणाली. ‘पहिली-दुसरी नको.’

मग मी तिसरं पत्र लिहिलं. हे मात्र मी इथे देते.

‘विषय: एका तिकिटासाठी दोनदा वळती झालेली रक्कम. (तिकीट रद्द करायचे नाही.)

मंगळवारी रात्री ड-१४ या एका जागेसाठी माझ्या कार्डावरून दोनदा रक्कम वळती झाली.

९:१२ ची रक्कम: हिच्यावर तिकीट मिळाले नाही. आपल्या तिकिटांच्या यादीत ती दिसणार नाही. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीच्या नोंदीत सोबतच्या मंजुरी क्रमांकाने शोधावी.

९:१७ ची रक्कम: हिच्यावर ड-१४ मिळाली होती. ही रक्कम गुरुवारी आपण परत पाठवली असून तिकीट रद्द झाले आहे.

विनंती: ९:१२ ची रक्कम ड-१४ साठी धरून नवे तिकीट द्यावे. ९:१७ ची रक्कम सेवाशुल्कासह पूर्ण परत यावी आणि तिचा संदर्भ क्रमांक कळवावा. याखेरीज माझी कोणतीही मागणी नाही.’

शेवटचं वाक्य मी बराच वेळ ठेवू की काढू करत होते. नुकसानभरपाई, मनस्ताप, यातलं काही मागावं असं मैत्रिणीचं म्हणणं होतं. मला वाटलं, हिशेबवाल्या माणसाला हे पत्र वाचताना पुढे आणखी काय निघेल याची धास्ती वाटू नये. त्याला दोन आकडे जुळवायचेत, ते जुळवू द्यावेत. सेवाशुल्काचा उल्लेख मात्र मुद्दाम केला. पैसे परत पाठवताना गोळा करणारी कंपनी आपली फी बऱ्याचदा परत देत नाही, आणि मग तो भुर्दंड कुणीतरी तुमच्या रकमेतून हळूच वळता करतो. तिकीट बदलायचं असतं तर मी समजून घेतलं असतं. इथे एका खुर्चीचं शुल्क दोनदा घेतलं होतं.

बँकेतल्या त्या माणसाने मला आणखी एक वाट सांगितली होती, आणि मोह खूप झाला होता. बँकेकडूनच तक्रार नोंदवायची, मग बँक ती रक्कम तिकीटवाल्यांकडून ओढून घेते. दुबार वसुलीसाठी असा मार्ग असतोच, त्याला मुदतही असते, व्हिसाच्या नियमात ती १२० दिवसांची आहे. पण त्याने बजावलं होतं, आधी त्यांना लेखी विचारा, ते पत्र आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा, आम्हीही तेच मागणार. आणि दोन्ही वाटा एकदम चालू नका. तिकडून त्यांनी परत पाठवले आणि इकडून आम्ही ओढले तर पैसे दोनदा येतील, मग एकदाचे परत जातील, आणि त्या जाण्याचा हिशेब लागता लागता तुमची दिवाळी जाईल. मी दिवस मोजले. १२० तले दीड-दोन आठवडे गेले होते. घाई नव्हती. घाई ड-१४ ची होती, आणि बँक खुर्ची परत आणून देत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नवं तिकीट आलं. सोबत त्या मुलीची एक ओळ: ‘जुन्या तिकिटावरचे चौकोन आता चालणार नाहीत, नवे दाखवा.’ मी जुनं तिकीट काढून टाकायला गेले आणि हात थांबला. कागद टाकायचा नाही ही वडिलांची सवय. ठेवून दिलं.

परत आलेली रक्कम कार्यक्रम होऊन गेल्यावर आठ दिवसांनी खात्यात दिसली. मधल्या दिवसांत मी रोज बघायची. परतावा हा उलटा फिरलेला जुना व्यवहार नसतो, तो एक नवाच व्यवहार असतो, तितकेच टप्पे पार करत येतो, आणि जाताना जेवढ्या घाईने गेले तेवढ्या घाईने पैसे परत येत नाहीत. पाचव्या दिवशी मी त्या मुलीकडून २३ आकड्यांचा संदर्भ क्रमांक मागवून घेतला आणि बँकेत वाचून दाखवला, चार-चार आकड्यांचे तुकडे पाडून, पाढे म्हणावेत तसा. पलीकडून ‘हो, वाटेत आहे’ असं उत्तर आलं. त्या क्रमांकाशिवाय बँकेला काही दिसत नाही, नुसतं ‘त्यांनी पाठवले म्हणतात’ म्हटलं तर उत्तर ‘मग त्यांना विचारा’ असंच येतं. रक्कम पूर्ण होती, सेवाशुल्कासह. खात्यात आता तीन ओळी आहेत, दोन जाणाऱ्या, एक येणारी. तारखा सोडल्या तर कुठली कुठल्या व्यवहाराची हे बघून सांगता येत नाही.

पण रविवारबद्दल सांगायचं राहिलं. दारापाशी ही गर्दी, अत्तरांचे वास एकात एक मिसळलेले, आत तंबोरे लावण्याचा आवाज सुरू झालेला. दारावरच्या मुलाच्या हातात तिकीट तपासायचं यंत्र. माझी पाळी आली, मी फोन पुढे केला, यंत्राने लाल दिवा दाखवून रडका आवाज काढला. मागचे लोक पुढे सरकले. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, ‘हे रद्द झालेलं आहे. दुसरं दाखवा.’

‘दुसरं म्हणजे कुठलं?’ मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं या बाईला मराठी येत नाही.